वही कुणाच्या हातात, ते बघा



विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांची छापील यादी कधी हातात आली तर वाचून बघा. आमदाराचा प्रश्न एका ठरलेल्या साच्यात असतो. नमुना म्हणून आपल्याच भागाचा एक प्रश्न बनवू. "(१) शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वनजमिनीवरील सन १९७८ पूर्वीची आदिवासींची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे काम प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" खाली मंत्र्याच्या नावाने उत्तर असतं. पहिल्याला "हे खरे नाही" असं म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्याला "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच लिहावं लागतं. दोन ओळींत आपली कितीतरी वर्षं संपतात.

मोर्चात आपण मंत्र्याच्या नावाने ओरडतो, आणि ओरडलंच पाहिजे. पण हे उत्तर मंत्री लिहीत नाही. आपला कागद नेमका कुठे मरतो ते समजायचं असेल तर या उत्तराचा प्रवास नीट बघायला हवा.

प्रश्न विधिमंडळाच्या सचिवालयातून मंत्रालयात महसूल व वन विभागात जातो. तिथल्या कार्यासनाचा अधिकारी तो नागपूरच्या वनखात्याच्या मुख्य कचेरीकडे पाठवतो. तिथून ठाण्याचे वनसंरक्षक, तिथून शहापूरचे उपवनसंरक्षक म्हणजे आपण ज्याला डी.एफ.ओ. म्हणतो ते, तिथून रेंज ऑफिस, राउंडचा वनपाल आणि शेवटी बीटचा गार्ड. गार्डाने सांगितलेला आकडा मग त्याच पायऱ्यांनी वर चढतो. प्रत्येक पायरीवर त्याला चांगल्या भाषेचे कपडे चढतात. "साहेब, दोनचार घरं असतील" हे वर पोचेपर्यंत "सदर क्षेत्रात किरकोळ स्वरूपाची अतिक्रमणे असून" असं होतं. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, अवर सचिव, उपसचिव, सचिव सह्या करतात, आणि मंत्र्यापुढे तयार उत्तर येतं. सभागृहात कुणी पूरक प्रश्न विचारलाच तर त्याला काय सांगायचं तोही कागद याच लोकांनी करून दिलेला असतो.

म्हणजे ज्या खात्याने काम केलं नाही अशी तक्रार आहे, त्याच खात्याला मंत्री विचारतो, काम झालं का? आणि जो गार्ड आपल्या बांधावर येऊन नांगर उचलून नेतो, त्याच्याच शब्दावर मुंबई-नागपुरात "हे खरे नाही" ठरतं.

वीटभट्टीवर गेलेल्या आपल्या कातकरी भावांना हे समजावून सांगायची गरज नाही. शेठ कल्याण-भिवंडीला बसतो. उचल मुकादमाच्या हातून येते, हजारी विटांचा हिशोब मुकादम ठेवतो. किती विटा पाडल्या ते शेठला मुकादम सांगतो, आणि शेठ काय म्हणाला ते आपल्याला मुकादमच सांगतो. दोघांना एकमेकांचं जे कळतं ते मुकादमाच्या तोंडून. म्हणून कागदावर मालक शेठ असला तरी हंगामभर भट्टीवर राज्य मुकादमाचं. शेठ हुशार असेल तर अधूनमधून न सांगता येऊन विटांच्या थप्प्या स्वतः मोजतो. न मोजणाऱ्या शेठला मुकादम विकून खाईल.

सरकारात आपण मतं देऊन नेमलेला मंत्री हा शेठच्या जागी आणि कायमचा अधिकारी हा मुकादमाच्या जागी. फरक असा की शेठ मुकादमाला उद्या काढू शकतो. मंत्र्याला अधिकाऱ्याला काढता येत नाही, फार तर बदली करता येते. आणि शेठ पिढीजात असतो, मंत्री मात्र येतो नि जातो. १९७८ च्या डिसेंबरात शरद पवार मुख्यमंत्री होते. तिथपासून २००२ पर्यंत ती खुर्ची अकरा वेळा बदलली. प्रत्येक नव्या मंत्र्याला वनजमिनीचा विषय पहिल्यापासून समजावून सांगावा लागला, आणि समजावून सांगायला दालनात कोण होतं? खातंच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. २७ डिसेंबर १९७८ रोजी राज्य सरकारने ठराव काढला, की भूमिहीन आणि आदिवासी माणसाने ३१ मार्च १९७८ पर्यंत सरकारी जमीन कसायला घेतली असेल, तर ती त्याच्या नावे नियमानुकूल करावी. वनजमीनसुद्धा. हुकूम राजकीय होता, स्पष्ट होता आणि आपल्या बाजूचा होता. मग आपल्या पाड्यांवर सातबारा का आला नाही?

कारण हुकुमात एक प्रश्न दडलेला होता. ३१ मार्च १९७८ ला जमीन कोण कसत होतं, हे कोण सांगणार? मंत्र्याला ते माहीत असणं शक्य नव्हतं. ते लिहिलेलं असेल तर दोनच ठिकाणी. महसुली सरकारी जमीन असेल तर तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. आणि जंगलजमीन असेल तर वनखात्याच्या गुन्ह्यांच्या कागदांत, म्हणजे पी.ओ.आर. आणि दंडाच्या पावत्यांत. थोडक्यात, ज्याने तुम्हाला चोर म्हणून लिहून ठेवलं त्याच्याच वहीत तुमचा हक्क. नाव असेल तर पात्र, नसेल तर "१९७८ नंतरचा".

ती वही कशी भरली जायची ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पावसाच्या तोंडावर गार्ड येणार. नाचणी-वरईचा तुकडा बघून दम देणार. मग तोड निघणार. कुणी कोंबडा दिला, कुणी पायलीभर तांदूळ, कुणी रोकडे पैसे, आणि गार्ड निघून गेला. पावती नाही. असा माणूस तीस वर्षं एकच तुकडा कसत आला तरी सरकारच्या वहीत तो जन्मलाच नाही. उलट ज्याने कोंबडा द्यायला नकार दिला, किंवा ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, त्याच्यावर केस झाली, दंड झाला, आणि आज तीच मळकी पावती त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. एक आजी म्हणाली, "तवा दंड झाला म्हनून रडलो, आता पावती सापडली म्हनून हासतो." लाच घेतली म्हणजे फक्त गरिबाचा कोंबडा गेला असं नाही. सरकारला जे कळायला हवं होतं तेही त्या कोंबड्याबरोबर गेलं.

दुसरं कारण लाचेइतकं उघड नाही, पण ते जास्त खोल आहे. एखादा गार्ड अगदी सरळ माणूस आहे असं धरू. त्याच्या बीटमध्ये नवीन नांगरट झाली आणि त्याने ती प्रामाणिकपणे लिहिली, तर वरून पहिला सवाल येणार, तू काय करत होतास? म्हणजे जंगल राखायच्या माणसाने अतिक्रमण लिहिणं हे स्वतःच्या कामचुकारपणाची कबुली दिल्यासारखं. म्हणून नोंद टाळणं त्याला सोयीचं. रेंजरलाही आपली रेंज स्वच्छ दिसणं सोयीचं. पुढे वरून हाकलण्याची मोहीम आली की मात्र वारं फिरतं. तेव्हा जास्त आकडा दाखवणारा कामसू ठरतो. पट्टे द्यायच्या वेळी वहीत माणसं कमी, उठवायच्या वेळी जास्त. एकाच डोंगराचे दोन आकडे, आणि दोन्ही "अहवालानुसार".

तिसरी गोष्ट वेळेची. हुकूम निघाला १९७८ च्या अखेरीस. चौकशी, मोजणी, यादी, पुन्हा चौकशी असं चालू राहिलं. अधिकाऱ्याने मंत्र्याला "नाही" म्हणायची कधीच गरज नसते, "कार्यवाही सुरू आहे" एवढं पुरतं. मग २५ ऑक्टोबर १९८० ला केंद्राचा वनसंरक्षण कायदा आला. त्या दिवसापासून दिल्लीच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येईना. जे काम मुंबईच्या एका सहीवर होण्यासारखं होतं त्याला दुसरं दार लागलं, आणि त्या दाराची किल्लीही पुन्हा वनखात्याच्याच माणसांच्या प्रस्तावात. प्रस्ताव खालून गेला नाही तर दिल्ली परवानगी देणार कशाला? जी माहिती वेळेवर वर गेली नाही, तिने ठराव कुणी रद्द न करताच मारला.

हा तिढा सोडवायला कष्टकरी संघटनेला सुप्रीम कोर्टात जावं लागलं. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात १९९५ साली कोर्टाचा हुकूम झाला. आपल्या दृष्टीने त्यातली खरी कमाई अशी, की कागद नाही एवढ्यावरून दावा फेकायचा नाही, दुसरा पुरावाही बघून चौकशी करायची. वहीबाहेरचं सत्य धरायला कोर्टाने सांगितलं.

तरी वही किती बलवान असते ते २००२ साली दिल्लीने दाखवलं. २३ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने, गोदावर्मन खटल्यात, केंद्राला अतिक्रमणं नियमानुकूल करण्यापासून तूर्त थांबवलं. थांबवलं, एवढंच. लोकांना हाकला असं त्यात नव्हतं. पण ३ मे २००२ ला पर्यावरण व वन मंत्रालयातून सर्व राज्यांना पत्र गेलं, की नियमानुकूल होण्यास पात्र नसलेली सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाका. देशात सुमारे साडेबारा लाख हेक्टर जंगलावर अतिक्रमण आहे असा आकडाही त्यात होता. पत्रावर सही मंत्र्याची नव्हती, वन महानिरीक्षकांची होती. "पात्र नसलेली" या शब्दांतच सगळं आलं. पात्र कोण हे ज्या वहीवरून ठरायचं ती वही कोरी, म्हणून बहुतेक सगळेच अपात्र. देशभर हत्ती, बुलडोझर आणि पोलीस लावून झोपड्या आणि पिकं मोडली गेली. गवगवा झाला तेव्हा ३० ऑक्टोबरला त्याच मंत्रालयाने खुलासा केला, की १८ सप्टेंबर १९९० ची परिपत्रकं अजून लागू आहेत, म्हणजे जुन्या हक्कांची चौकशी राज्यांनी करायचीच आहे. मधले सहा महिने एका पत्राने धोरण चालवलं. कोर्टाने काय म्हटलं ते दिल्लीबाहेर फार थोड्यांनी वाचलं होतं. ज्याने वाचलं त्याने जे सांगितलं तेच सगळ्यांनी खरं धरलं.

इथे कुणी म्हणेल की संपादक मंत्र्यांना सोडून देतोय. तसं नाही. मंत्र्यालाही न कळणं पुष्कळदा सोयीचं असतं. मोर्चाच्या शिष्टमंडळाला "माझी इच्छा आहे हो, पण अधिकारी ऐकत नाहीत" म्हणता येतं, आणि जंगलाच्या ठेकेदाराला काहीच सांगावं लागत नाही. ज्या मंत्र्याला खरंच बघायचं असतं तो तानसाच्या विश्रामगृहावर जेवून परत जात नाही, पाड्यावर येतो. मंत्रालयाच्या नळाला तानसाचं पाणी शंभराहून जास्त वर्षांच्या पाइपलाइनने बिनचूक पोचतं, मग तानसाची बातमीच वाटेत का मुरते, हे त्याने विचारायला हवं.

आणि अधिकारी कायमचा असतो हेही सगळं वाईट नाही. एखाद्या मंत्र्याने बिल्डरसाठी तोंडी हुकूम दिला तर "लेखी द्या साहेब" म्हणणारा अधिकारी आपल्यालाही हवाच. शहापूरात आणि मुरबाडात असे तहसीलदार लोकांनी पाहिलेत. म्हणून अधिकाऱ्यांना सरसकट मंत्र्यांच्या ताटाखालची मांजरं करा, ही मागणी आपली नाही. मागणी एवढीच, की एका विषयाची माहिती एकाच वाटेने वर जाता कामा नये.

अमेरिकेतल्या दोन राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८४ साली ही गोष्ट मांडली. अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवायच्या दोन रीती, असं ते म्हणतात. एक म्हणजे गस्त, वरच्याने स्वतः फिरून तपासायचं. ती महागडी, आणि इतक्या पाड्यांवर कोण फिरणार? दुसरी म्हणजे आगीची घंटा. ज्याच्या घराला आग लागली त्यालाच घंटा वाजवायची सोय करून द्यायची, मग वरच्याने फक्त घंटा वाजेल तिकडे धावायचं. त्यांच्या मते लोकप्रतिनिधींना दुसरी रीत जास्त परवडते. आपण त्यात एकच भर घालू. घंटेची दोरी रेंज ऑफिसात बांधलेली असेल तर ती वाजत नाही.

१० ऑक्टोबर २००२ चा राज्य सरकारचा ठराव म्हणूनच महत्त्वाचा होता. आंदोलनातून तो निघाला होता. त्याने चौकशी गावपातळीवर समितीकडे आणली, आणि खात्याच्या कागदाखेरीज वडीलधाऱ्यांची साक्ष व जागेवरच्या खुणा हा पुरावा धरायला सांगितला. पहिल्यांदाच दुसरी वही उघडली गेली, आणि ती आपल्या हातात आहे. ती आळसाने भरली तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा "प्रश्न उद्भवत नाही" येणार. काही पाड्यांवर आत्ताच एक चूक दिसते आहे. सगळ्या साक्षी एकाच शब्दांत लिहिल्या जातात, "आम्ही पूर्वापार कसतो" म्हणून. अशा शंभर साक्षी म्हणजे एकच साक्ष, आणि ती खोटी ठरवायला वेळ लागत नाही.

साक्ष अशी हवी की ती जागेवर जाऊन पडताळता येईल. समजा एका ठाकर घराचा डोंगरउतारावर तीन एकराचा वरकस तुकडा आहे. म्हाताऱ्याला सन आठवणार नाही, त्याला सन विचारूच नका. थोरली पोरगी तेव्हा केवढी होती, ७२ चा दुष्काळ आधी की नंतर, आणीबाणीत गार्ड कोण होता, ते विचारा. १९७८ च्या आधी की नंतर हे त्यातून आपोआप निघतं. मग जागेवर जा. दगडी बांध किती थरांचा आहे, बांधावर लावलेला आंबा किंवा फणस केवढा झाला, तोडलेल्या ऐनाची बुंधी कुजून गेलीत का, राब भाजायची जागा कुठली, पाण्याची वाट कुणी वळवली, हे लिहा. शेजारच्या तुकड्याचा माणूस चार बाजू सांगेल, त्याचा अंगठा घ्या. साक्षीदाराचा तुकडाही त्याच डोंगरावर असेल तर तसं लिहा, लपवू नका. नंतर कुणी काढलं तर सगळी यादी संशयात येते. आणि ८० नंतर आलेल्या माणसाला ७८ चा करू नका, तो कितीही गरजू असो. त्याच्यासाठी वेगळी मागणी करू. त्याला आत घुसवला तर खात्याला तो एकच बोट दाखवायला पुरेल.

पावती असेल तर झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. पावती नसेल तर का नाही तेही साक्षीत लिहा. कोणत्या सुमाराला, काय दिलं, कोंबडा की तांदूळ. त्यात लाज बाळगायचं कारण नाही. एका बीटमधल्या चाळीस घरांनी तेच सांगितलं, तर वही का कोरी राहिली याचा तो पुरावा झाला. सप्टेंबर २००२ मध्ये राज्यात माहितीच्या अधिकाराचा वटहुकूमही आला होता. तलाठ्याकडे एक-ई ची आणि रेंज ऑफिसात ७८ पर्यंतच्या गुन्हेनोंदींची नक्कल लेखी अर्जाने मागा. "रेकॉर्ड सापडत नाही" असं सांगितलं तर तेच लेखी घ्या. हरवलेल्या वहीवरून कुणाला अपात्र ठरवता येत नाही.

गावसमितीचा ठराव झाला की त्याच्या तीन प्रती करा. एक तहसील कचेरीत द्यायची, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन. दुसरी आपल्या आमदाराच्या हातात, म्हणजे "हे खरे नाही" असं उत्तर आलं की पूरक प्रश्नाला त्याच्याकडे गावाचा आकडा असेल. तिसरी संघटनेच्या कार्यालयात ठेवायची. ज्या पाड्यांची यादी अजून आलेली नाही त्यांनी ती मुरबाडच्या पुढच्या बाजारापर्यंत आणून द्यावी. लिहायला पोरगा मिळत नसेल तर आधी निरोप पाठवा, कुणीतरी येऊन बसेल.